फॉर्म १५एच आणि कापलेला टीडीएस

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत. २०२५-२६ मध्ये एफडीच्या व्याजावर बँकेने जूनमध्ये ४,५०० रुपये टीडीएस कापला. कर लागत नाही, टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म १५एच जुलैत दिला. कापलेले पैसे बँक परत देईल का?

उत्तर: नाही. कापलेली रक्कम सरकारजमा झाली की बँकेच्या हातात काही राहत नाही. फॉर्ममुळे पुढची कपात थांबते, मागची परत येत नाही. ते पैसे रिटर्न भरूनच मिळतात.

समजा वर्षाचं व्याज १,८०,००० आणि पेन्शन २,४०,००० आहे. व्याज एका बँकेत लाखाच्या वर जाणार, म्हणून बँकेने पहिल्या तिमाहीच्या ४५,००० वर १० टक्के कापले. पण नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर कर शून्य, त्यामुळे १५एच देता येतो आणि ४,५०० पूर्ण परत मिळतात.

आधी फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या नोंदीत, ते ४,५०० वडिलांच्या पॅनवर दिसतात का बघा. नसतील तर बँकेकडून दुरुस्ती करून घ्या. रिटर्नमध्ये व्याज पूर्ण १,८०,००० दाखवायचं. टीडीएस वजा करून खात्यात पडलेला आकडा नाही. इथेच बरेच जण गडबड करतात. रिफंडचं खाते आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं हवं, आणि रिटर्न भरल्यावर त्याचं ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांत उरका.

फॉर्म दरवर्षी, प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो; शक्यतो एप्रिलमध्येच द्या. पोच मात्र मागून घ्या, काउंटरवरचं ‘झालं काका’ नंतर कामाला येत नाही.