‘तुमच्याकडे होता ना तो? कसा आहे?’

आमच्या डाळ मिलचा जुना डिस्पॅच सुपरवायझर धुळ्याच्या एका कंपनीत स्टोअर इनचार्ज म्हणून चाललाय. कामाला वाघ, पण लिहिण्यात ढिला. त्यांच्या एचआरचा फोन येणार आहे. खरं सांगितलं तर पोराची नोकरी जाईल, खोटं बोलवत नाही. काय सांगू? — जळगाव एमआयडीसी

फोन आला की तिथल्या तिथे बोलू नका. ‘आत्ता काट्यावर गाडी उभी आहे, चार वाजता मीच फोन करतो,’ म्हणा आणि बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, कंपनीचा नंबर मागून घ्या. तो नंबर त्या कंपनीच्या वेबसाइटवर किंवा एखाद्या बिलावर दिसतो का, ते बघा. कर्जवसुलीवाले आणि सोयरिकीची चौकशी करणारेही एचआरच्या नावाने फोन करतात. मधल्या वेळात सुपरवायझरला विचारा, माझं नाव तूच दिलंस ना? मग त्याची फाइल काढा. रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस आणि नेमणूकपत्रातला हुद्दा आठवणीवर सांगायच्या गोष्टी नाहीत. मार्च की मे, एवढ्या फरकानेही त्याच्या अर्जातली माहिती खोटी ठरते आणि त्याची काही चूक नसताना निवड अडकते.

परत फोन केलात की पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: स्टोअरमध्ये तो नेमकं काय बघणार? माल उतरवून घेणार, की रजिस्टर आणि स्टॉक त्याच्या सहीने चालणार? तुमचं उत्तर यावर ठरतं. निव्वळ माल चढवण्या-उतरवण्याचं काम असतं तर त्याचं लिहिणं हा किरकोळ मुद्दा होता. स्टोअर इनचार्जचं मात्र निम्मं काम रजिस्टरच असतं, म्हणून ही गोष्ट लपवणं म्हणजे समोरच्याला फसवणं. आणि दोन महिन्यांत स्टॉक जुळेनासा झाला की पहिला संशय त्या पोरावरच जाईल.

आता ‘ढिला’ या शब्दाचं काय करायचं? तो वापरायचाच नाही. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात चार ठोस गोष्टी आहेत. तुरीच्या हंगामात तो रोज आठ-दहा गाड्या भरून द्यायचा आणि चुकीचा माल चुकीच्या गाडीत गेल्याची तक्रार आली नाही. स्टॉक रजिस्टरच्या नोंदी मात्र दोन-तीन दिवस मागे असायच्या. ई-वे बिलाच्या पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर भरायचा राहिला, म्हणून भरलेली गाडी गेटवर खोळंबल्याचं काही वेळा झालं. आणि महिनाअखेरी कट्टे कमी-जास्त दिसले, तेव्हा दरवेळी राहिलेली नोंदच सापडली. माल कधी गेला नाही. पाचवी गोष्ट तुम्ही ओघात लिहिलीत, पण ती सगळ्यांत महत्त्वाची आहे: हंगामात त्याच्या हाताखाली लिहिणारा कोणी नव्हता आणि शेवटच्या वर्षी क्लार्क दिल्यावर नोंदी त्याच दिवशी व्हायला लागल्या.

हे सगळं असं बोलता येईल:

‘माझ्या हाताखाली त्याने चार वर्षं डिस्पॅच बघितलं. हंगामात दिवसाला आठ-दहा गाड्या तो एकहाती काढायचा, माल चुकल्याची तक्रार माझ्याकडे आली नाही. हमाल आणि ड्रायव्हर लोकांशी त्याचं चांगलं जमतं. रजिस्टरच्या नोंदी गर्दीत दोन-तीन दिवस मागे राहायच्या, त्यावर मी त्याला बोललोही होतो. मालाची किंवा पैशाची गडबड कधी झाली नाही, स्टॉक दरवेळी नोंदीनंतर जुळला. तेव्हा त्याला लिहायला मदतनीस नव्हता. दिल्यावर ही अडचण राहिली नाही. तुमच्याकडे रजिस्टर त्याच्याकडे असेल, तर पहिले तीन महिने संध्याकाळी नोंदी तपासा.’

यात गडबड होते ती ‘पण’वर. ‘माणूस चांगला आहे हो, पण…’ म्हणून तुम्ही थांबलात की उरलेलं वाक्य ऐकणारा मनात पूर्ण करतो आणि बहुतेक वेळा ‘हात मारतो’ असंच पूर्ण करतो. त्याचा सूर बदलला, ‘म्हणजे व्यवहाराचं काही?’ असं त्याने विचारलं, की समजा तुमचं वाक्य अर्धवट पोचलं. तेव्हा पैशाचा आणि मालाचा विषय त्याने विचारायची वाट न बघता स्वतःच स्पष्ट करा. तक्रार सांगितली की ती किती वेळा, कोणत्या परिस्थितीत आणि पुढे सुधारली का, हेही त्याच दमात सांगा.

शेवटी ते हमखास विचारतील, ‘तुम्ही परत घ्याल का?’ इथे हो-नाहीत अडकू नका. ‘डिस्पॅचला उद्या घेईन. स्टोअरला घेतला तर लिहायला माणूस देऊन घेईन.’ एवढं पुरे.

आमच्या एका कॅशियरच्या रोकडीत तफावत आली. चौकशी सुरू झाली आणि ती पूर्ण व्हायच्या आत त्याने राजीनामा दिला, मालकाने तो मंजूरही केला. आता दुसऱ्या फर्मकडून विचारणा आली आहे. माझी खात्री आहे की पैसे त्यानेच घेतले. सांगू का? — भुसावळ

तुमची खात्री आणि चौकशीचा निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष निघालेला नाही, म्हणून ‘त्याने पैसे खाल्ले’ हे वाक्य तुम्हाला बोलता येत नाही. उलट बाजूने ‘व्यवहाराला चोख’ असंही म्हणू नका. त्या भरवशावर त्यांनी त्याच्या हाती तिजोरी दिली तर तुमचा शब्द तुमच्यावरच उलटेल.

कायद्याचं म्हणाल, तर बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे; 1 जुलै 2024 पूर्वी ते भारतीय दंड संहितेत 499 आणि 500 होतं. त्याला अपवाद आहेत, त्यातला एक तुमच्या उपयोगाचा: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. 1860च्या संहितेतलं त्याचं उदाहरण तर आपल्या बाजारपेठेतलंच वाटावं. दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, ‘त्या अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नको, त्याच्या सचोटीबद्दल माझं मत चांगलं नाही.’ पण सद्भावना म्हणजे नुसतं मन स्वच्छ असणं नव्हे. बोलण्याआधी योग्य ती काळजी घेतली का, खातरजमा केली का, हे बघितलं जातं. अर्धी राहिलेली चौकशी तिथे कमी पडते. शिवाय हे संरक्षण ज्याचं हित गुंतलंय त्याला सांगण्यापुरतं आहे. तेच वाक्य व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत, तर दीडशे जणांचं कोणतं हित जपत होतात, याचं उत्तर देता येणार नाही.

म्हणून तारखा, हुद्दा आणि कामाचं स्वरूप एवढंच सांगा. त्यांनी थेट विचारलं, ‘काही चौकशी होती का?’ तर म्हणा, ‘नोकरीच्या नोंदीपलीकडची माहिती मी देत नाही, लेखी विचारा, मालक किंवा एचआर उत्तर देतील.’ हा नियम सगळ्यांना सारखा लावा. इतरांबद्दल वीस मिनिटं बोलणारे तुम्ही याच्या वेळी तारखांवर थांबलात, तर न बोलताही सगळं कळतं. मालकालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही एक आणि ते दुसरं असं होणार नाही.

चौकशी पूर्ण होऊन लेखी आदेश झाला असता, तर आदेशातलं वाक्य जसंच्या तसं सांगता आलं असतं. लैंगिक छळाच्या तक्रारीचं प्रकरण मात्र वेगळं: त्यातल्या व्यक्तींची ओळख आणि तपशील उघड करायला 2013च्या कायद्याच्या कलम 16 ची बंदी आहे. फोनवर तो विषयच काढू नका.

आमच्या सुपरवायझर बाई वर्षभरात बराच काळ बाळंतपणाच्या रजेवर होत्या. नव्या कंपनीने ‘हजेरी कशी होती?’ असं विचारलंय. — अमळनेर

हजेरी म्हणजे ज्या दिवशी यायचं होतं, त्या दिवसांतली. मंजूर रजेचे दिवस त्यात धरायचेच नाहीत. पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे. ती घेतली म्हणून कुणी गैरहजर ठरत नाही. रजा वगळून मस्टर बघा आणि तेवढ्यावर बोला: ‘पाळीवर वेळेवर यायच्या, न सांगता दांडी नसायची,’ किंवा जे खरं असेल ते. मूल लहान आहे, सासर लांब आहे, नवऱ्याची बदली होते, ही आपुलकीने दिलेली माहितीही निवड फिरवते आणि तिचा कामाशी संबंध नसतो. समोरून विचारलं तरी ‘ते त्यांनाच विचारा’ म्हणायचं.

पोरगा माझ्या मावसभावाचा मेहुणा. दोन वर्षं आमच्याकडेच होता, काम बेताचं. घरातून सारखं चाललंय, ‘आपलाच पोरगा शे, दोन शब्द चांगले बोल ना भो!’ — शिरपूर

नातं आधीच सांगून टाका: ‘तो आमच्या नात्यातला आहे, रोजचं काम शिफ्ट इनचार्ज बघायचे, त्यांच्याशी बोला.’ मग त्या शिफ्ट इनचार्जला काहीही शिकवू नका. नातं नंतर कळलं, तर तुम्ही त्याच्याबद्दल खरं सांगितलेलं चांगलंही बाद होतं. घरच्यांना सांगायचं, की ओळख मी करून देतो, कामाचं सर्टिफिकेट साहेब देतील.

जुना कामगार स्वतःच पत्र टाइप करून आणतो आणि सही मागतो. त्यात ‘हेल्पर’चं ‘असिस्टंट इंजिनिअर’ झालेलं. — धुळे

दोन वेगळे कागद करा. एक अनुभवाचा दाखला: नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, बस. तो लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, एचआर किंवा मालकाच्या सहीने जातो आणि त्यातला हुद्दा नेमणूकपत्रात किंवा शेवटच्या बढतीच्या आदेशात असेल तोच. दुसरं, शिफारसपत्र. ते देणं तुमच्या मर्जीवर आहे आणि तुम्ही स्वतः पाहिलेल्या कामाबद्दलच लिहायचं.

हेल्पर म्हणून लागला असला तरी तो खरंच पॅनेलची वायरिंग करायचा, मोटारीचे बेअरिंग बदलायचा, तर ते शिफारसपत्रात लिहा: ‘हुद्दा हेल्पर, शेवटची दोन वर्षं इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली ही कामं केली.’ फुगवलेल्या हुद्द्यापेक्षा हे वाक्य नोकरी देणाऱ्याला जास्त कामाचं असतं, कारण मुलाखतीत तो बेअरिंगबद्दल विचारू शकतो. त्याने आणलेल्या पत्रातलं चुकीचं खोडून त्यावरच सही करू नका. स्वतः टाइप करून द्या, खाली तारीख घाला आणि एक प्रत त्याच्या फाइलला लावा. पुढे कुणी पडताळणीला फोन केला तर ती प्रत समोर ठेवूनच बोला.