वाळूत, चिखलात पुढचं चाक निसटतं, गाडी कशी सांभाळायची?

प्रश्न: माझी नोकरी खेड्यापाड्यांत फिरायची आहे. १२५ सीसीची साधी गाडी आहे, ट्यूबच्या टायरची. रस्त्यात मुरूम, एका ठिकाणी नदीची वाळू आणि पावसात काळा चिखल लागतो. दोनदा पुढचं चाक निसटून पडलो. बसायचं कसं, रेस किती द्यायची, आणि हवा कमी करावी का?

उत्तर:

वाळू लागली की तुम्ही घाबरून रेस सोडत असणार. बहुतेक जण तिथंच पडतात. मी पशुवैद्यकीय कामासाठी गेली चौदा वर्षं गंगाखेडच्या बाजूला गोदावरीकाठच्या गावांतून अशाच गाडीवर फिरतोय. मागं लिक्विड नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो आणि तो आडवा होऊन चालत नाही, त्यामुळं या विषयाचा मला नीट विचार करावा लागला. वाळूबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती कळली की बाकीचं सोपं जातं.

सुक्या वाळूत पुढचं चाक आपल्यापुढं वाळूचा एक छोटा बांध ढकलत चालतं. रेस चालू असते तोवर गाडीचं वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक हलकं राहतं आणि त्या बांधावर चढून पुढं सरकतं. रेस सोडली की इंजिन गाडीला मागं धरतं, वजन पुढं येतं, चाक बांधात रुततं आणि आडवं वळतं. पुढचा ब्रेक दाबला तर हेच आणखी जोरात होतं. म्हणून वाळूत हँडल लटपटायला लागलं की सोडायच्या ऐवजी रेस थोडी वाढवायची. मनाला हे उलटं वाटतं, पण लटपट त्यानंच थांबते.

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात गंगेचं पात्र ओलांडताना एका ठिकाणी साधारण सत्तर-ऐंशी पावलं वाळू आहे. ती मी कशी पार करतो ते सांगतो.

काठावर गाडी लावून आधी पायी जातो. टाच जोरात आपटून बघतो. नुसता टाचेचा ठसा उठला तर गाडी चालते. पाऊल घोट्यापर्यंत गेलं तर तो पट्टा टाळतो किंवा गाडी ढकलत नेतो. पाण्यापासून थोडं अलीकडं वाळूचा जो गडद, ओलसर पट्टा असतो तो सगळ्यांत घट्ट, कारण ओलीनं कण एकमेकांना धरून ठेवतात. मात्र अगदी पाण्याला लागून जायचं नाही, तिथली वाळू पायाखालून सरकते.

मग हवा. चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ कंपनीचं स्टिकर असतं. माझ्या गाडीला एकट्यासाठी पुढं २५ आणि मागं २८ पीएसआय सांगितली आहे. वाळूसाठी मी पुढं १८ आणि मागं २० करतो. हवा कमी झाली की टायर खाली चपटा होतो, जमिनीला टेकणारी त्याची लांबी वाढते आणि तेवढंच वजन जास्त जागेवर पसरल्यानं चाक कमी रुततं. हे सकाळी टायर थंड असताना, खिशातल्या हवेच्या काट्यानं मोजून करायचं. बोटानं दाबून अंदाज येत नाही.

पण ट्यूबच्या टायरमध्ये १६ च्या खाली मी कधीच जात नाही. फार कमी हवेत रेस दिली की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली जाते, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला राहतो. शेवटी तो बुडाशी फाटतो. ते पंक्चर सहसा निघत नाही, ट्यूबच बदलावी लागते. याची खूण आधी दिसते. व्हॉल्व्ह रिममधून सरळ उभा न राहता एका अंगाला कलतो. म्हणून व्हॉल्व्हवरचं छोटं नट मी रिमला आवळून ठेवत नाही, वर टोपणाजवळ सैल ठेवतो. त्यामुळं व्हॉल्व्हला कलायला जागा मिळते आणि कललेला पटकन नजरेला येतो. कललेला दिसला की पूर्ण हवा सोडून टायर हातानं मागं फिरवून घ्या.

आता बसणं. डोंगरात फिरायच्या गाड्यांवर लोक सरळ उभे राहतात ते बरोबर आहे, पण आपल्या साध्या गाडीचं हँडल खाली असतं. पूर्ण उभं राहिलं की माणूस हँडलवर ओणवा होतो आणि सगळं वजन पुन्हा पुढच्या चाकावर जातं. मी सीटवर थोडा मागं सरकतो, गुडघ्यांनी टाकी दाबून धरतो आणि फुटरेस्टवर जोर देऊन सीटपासून चार बोटं उठतो. कोपरं बाहेर आणि सैल. बरोबर जमलंय का ते असं ओळखा: चालत्या गाडीत क्षणभर हँडलवरची बोटं सैल करा. शरीर पुढं कोसळलं नाही तर वजन पायांवर आहे. कोसळायला लागलं तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. हँडल थोडं डावं-उजवं हलणारच, त्याला हलू द्या. घट्ट धरलं तर चाकाचा प्रत्येक धक्का खांद्यातून अख्ख्या गाडीत जातो.

कडक जमिनीवरच दुसरा गिअर आणि २० ते २५ चा वेग पकडतो. वाळू सुरू होते तिथं गाडीला कुणी मागून धरल्यासारखं होतं. नेमकं त्या क्षणी रेस थोडी वाढवायची आणि पुढं तेवढीच कायम ठेवायची. नजर चाकापुढं नको. माझी नजर पलीकडच्या काठावरच्या एका बाभळीवर असते, गाडी आपसूक तिकडं जाते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरलात तर शेवटपर्यंत तिच्यातच राहा, मध्येच तिरकं बाहेर यायला गेलात की पडलात. थोडं वळायचं असेल तर हँडल फिरवू नका, ज्या बाजूला जायचंय त्या बाजूच्या फुटरेस्टवर वजन टाका. थांबायचं असेल तर सरळ रेषेत रेस हळूहळू कमी करा. वाळूच गाडी थांबवते, ब्रेक लागत नाही.

मागचं चाक जागेवर फिरायला लागलं तर त्याच क्षणी रेस बंद. पहिल्याच वर्षी मी हट्टानं पिळत राहिलो आणि चाक ॲक्सलपर्यंत गाडलं गेलं, चेनकव्हर वाळूला टेकलं. अशा वेळी मागून ढकलण्यात अर्थ नसतो. कॅन उतरवला, इंजिन आणि पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी डाव्या अंगावर आडवी केली म्हणजे तापलेला सायलेन्सर वर राहिला. चाक खड्ड्यातून आपोआप बाहेर आलं. खड्डा वाळूनं बुजवून पायानं तुडवला, गाडी उभी केली, आणि शेजारून चालत पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर बाहेर काढली. दहा मिनिटांचं काम, आणि एकट्यानं होतं.

काळ्या मातीचा चिखल हा अगदी वेगळा प्रकार आहे. तिथं रेस वाढवून सुटका होत नाही. ही माती पाण्यानं फुगते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते, मग टायर गुळगुळीत असल्यासारखाच चालतो. हवा कमी करून इथं फारसा फायदा होत नाही, म्हणून मी नेहमीच्यापेक्षा दोन-तीन पीएसआयच कमी ठेवतो. सर्वांत मोठा धोका मडगार्डचा. माती पुढच्या मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. गाडी जड ओढायला लागली, रेस देऊनही वेग येईना, की तेच झालंय असं समजा. लगेच उतरून काडीनं माती काढा. माझ्या डिक्कीत त्यासाठी बाभळीची एक चपटी काठी कायम असते.

पाणंदीत शिरण्याआधी मूठभर माती हातात दाबून बघा. ती तळहाताला चिकटून राहिली तर त्या दिवशी गाडी रस्त्याकडेलाच लावा आणि चालत जा. शेताला वाफसा आला की पाणंदही चालण्याजोगी होते, शेतकऱ्याला विचारलं तर तो बरोबर सांगेल. जावंच लागलं तर दुसरा गिअर, इंजिन कमी फेऱ्यांवर, क्लच अलगद. शरीर मधोमध आणि ताठ, गाडी कुठंच कलवायची नाही. पुढच्या ब्रेकला हात नाही, मागचा अगदी हलका. जिथं हराळी उगवलीय त्या कडेनं चला, तिच्या मुळ्यांनी माती धरलेली असते. अगदी चालण्याच्या वेगात दोन्ही पाय टेकत गेलात तरी चालेल, पण वेगात गाडी घसरली म्हणून पाय बाहेर काढू नका. पाय चिखलात रुततो आणि गाडी पुढं जाते, गुडघा तिथंच पिळवटतो.

मुरमाच्या रस्त्यावर सरळ चालताना फार काही होत नाही. कडक जमिनीवर गोट्या पसरल्यासारखा तो असतो, त्यामुळं धोका वळणावर आणि ब्रेकमध्ये आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. तिथं पुढचा ब्रेकही दोन बोटांनी हलका चालतो. वळणात मात्र कुठलाच ब्रेक नाही, रेस एकसारखी. वाहनांच्या चाकांनी झाडून काढलेल्या पट्ट्यातून जा, सुटी खडी मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. वळताना गाडी कलू द्या, पण आपण सरळ बसा आणि बाहेरच्या बाजूच्या पायावर जोर द्या. मुरमात मोठे दगड असतात म्हणून वाळूइतकी हवा इथं कधी सोडू नका. दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली की शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

मागं कुणी बसलेलं असेल तर वाळूच्या आधी त्यांना उतरवा. त्यांच्यासाठी जास्त हवा लागते आणि वाळूला कमी, दोन्ही एकदम जमत नाही.

डांबरी लागली की पायपंपानं हवा पुन्हा २५ आणि २८ करा, पाचेक मिनिटं लागतात. कमी हवेचा टायर डांबरीवर वेगात तापतो आणि गाडी वळणात डुलते. टायरला चिखल असेल तर पहिले दोन-तीनशे मीटर सावकाश जा, कारण नक्षीतली माती निघेपर्यंत डांबरीवरसुद्धा ब्रेक धरत नाहीत.