आजीच्या डब्यातली गोळी

बाळा,

परवा आईचा फोन आला. परीक्षेच्या आदल्या रात्री तू आजीच्या डब्यातल्या झोपेच्या दोन गोळ्या घेतल्यास, आणि सकाळी गाडी घेऊन निघालास तो गंगापूर रोडवर डिव्हायडरला घासलास. रागवायला लिहीत नाही. तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे, म्हणून लिहितो.

आजीची गोळी अल्प्राझोलम, अर्ध्या मिलिग्रॅमची. साडेबाराला पहिली घेतलीस, झोप येईना म्हणून एकला दुसरी. चूक तिथेच झाली. ही गोळी रक्तात पूर्ण चढायला एक ते दोन तास लागतात. पहिली चढायच्या आत तू दुसरी टाकलीस. उतरतेही सावकाश; साधारण अकरा तासांनी तिचं निम्मं प्रमाण उरतं. म्हणजे सकाळी आठला किक मारलीस तेव्हा निम्म्याहून जास्त औषध अंगात होतं. जागा होतास, पण ब्रेक उशिरा दाबला जात होता. गोळी घेतल्यावर जे वाचलं असशील तेही नीट लक्षात राहत नाही, हे परीक्षेवाल्यांना कुणी सांगत नाही.

'आजी रोज घेते, तिला काही होत नाही,' असं म्हणालास म्हणे. आजीच्या शरीराला वर्षांची सवय आहे, तुझ्या नाही. शिवाय तू सर्दीचं सिरप घेत होतास ना? त्यानेही गुंगी येते. दोन्हींची गुंगी एकावर एक चढते. सोबत दारू किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनेची गोळी असेल, तर श्वासच मंदावतो. माणूस हाक मारूनही उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर उलटी करवायची नाही. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करायचा.

आणि दुसरी बाजू आजीची. तू उचललेल्या चार गोळ्यांमुळे, दोन घेतलेल्या आणि दोन अजून तुझ्याकडे असलेल्या, तिचा महिना चार दिवस आधी संपला. रोजची गोळी अशी एकदम तुटली की थरथर, जागरण, कधी फिट येते.

आता कायदा. पाकिटावर लाल अक्षरांत NRx दिसेल, ती अशा नियंत्रित औषधांची खूण. अल्प्राझोलम अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजीने बाळगणं कायदेशीर. चिठ्ठीशिवाय तू घेणं नाही. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्ही विकताना रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहितो आणि ते तीन वर्षं जपतो. म्हणून 'मित्राला दोन दे' हेही घरगुती देणंघेणं नव्हे.

उरलेल्या गोळ्या आजीला परत दे आणि किती घेतल्यास ते तिला सांग, म्हणजे डॉक्टरांना हिशेब लागेल. झोपेचं मात्र स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन बोल. आज स्कूटर आईकडे ठेव.

काका