सन पाठ नसले तरी इतिहास समजलेल्या मुलाला सोडवता येतील असे बहुपर्यायी प्रश्न कसे काढावेत? चुकीचे पर्याय खरे वाटतील असे कसे सुचतात?

चुकीचे पर्याय स्वतःच्या डोक्यातून काढू नयेत, ते विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून गोळा करावेत, हे माझे ठाम मत आहे. या मताची किंमत मी एकदा मोजलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका प्रश्नपेढीसाठी आम्हा इतिहासाच्या शिक्षकांची बैठक भरली होती. माझ्याकडे मराठी सत्तेच्या अखेरच्या कालखंडाचे प्रश्न होते. वसईच्या तहावर मी कारण विचारणारा एक प्रश्न काढला होता. परीक्षण करणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांनी तो एका रेघेत खोडला आणि त्याच्या जागी लिहिले, ‘वसईचा तह कोणत्या वर्षी झाला? 1800, 1801, 1802, 1803.’ त्यांचे म्हणणे असे होते की सनावळी हा इतिहासाचा कणा आहे, कारणे विचारायची तर दीर्घोत्तरी प्रश्नात विचारावीत, बहुपर्यायी प्रश्नात मुले अंदाजाने खुणा करतात. मी वाद घातला, पण अध्यक्षांना जेवणाच्या सुट्टीआधी तो भाग संपवायचा होता. प्रश्न बदलला गेला.

त्या दुरुस्त प्रश्नाकडे जरा नीट पाहा. ज्याने 1801 वर खूण केली त्याला काय समजले नाही, हे शिक्षकाला कळू शकते का? कळू शकत नाही. 1800 हा नाना फडणवीसांच्या मृत्यूचा सन आहे आणि 1803 मध्ये इंग्रज-मराठ्यांचे दुसरे युद्ध सुरू झाले, पण पर्याय लिहिणाऱ्याने ते सन त्यासाठी निवडलेले नव्हते. खऱ्या सनाच्या आसपासचे आकडे ओळीने मांडले होते, एवढेच. अंदाजाने खुणा होतात या त्यांच्या आक्षेपाला सर्वांत जास्त वाव याच प्रश्नात आहे.

आता माझा प्रश्न कसा तयार झाला ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. धडा संपल्यावर मी वर्गात कोणतेही पर्याय न देता एक प्रश्न फळ्यावर लिहिला होता, ‘वसईचा तह दौलतराव शिंद्यांनी का मानला नाही?’ आणि प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. हा प्रश्न निवडण्यामागे कारण होते. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून निघून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने तह केला. म्हणजे ज्या होळकरांनी शिंद्यांना हरवले, त्यांच्याच हातून पुणे सोडवून शिंद्यांच्या बाजूच्या पेशव्याला गादीवर बसवण्याची हमी या तहात होती. वरवर पाहता शिंद्यांनी तहाचे स्वागत करायला हवे होते. तरीही त्यांनी आणि नागपूरच्या भोसल्यांनी तो झिडकारला. ही विसंगती ज्याला उलगडता येते, त्याला तह समजला असे मी मानते, त्याला सन आठवो अथवा न आठवो.

मुलांच्या कागदांवर चुकीची उत्तरे आली, पण ती विस्कळीत नव्हती, त्यांचे गट पडत होते. काहींनी लिहिले की तहात शिंद्यांचाच मुलूख इंग्रजांना दिला गेला. ही मुले हा तह आणि सुर्जी-अंजनगावचा तह यांत गल्लत करत होती, कारण 30 डिसेंबर 1803 च्या त्या तहात शिंद्यांना आपला मुलूख खरोखरच सोडावा लागला. वसईच्या तहात मात्र पेशव्यांकडे ठेवायच्या इंग्रज फौजेच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा जो मुलूख दिला गेला, तो पेशव्यांचा होता. काहींना वाटले की लढाई होळकर जिंकले म्हणजे तहातही त्यांना काहीतरी मिळाले असणार. आणि एका मोठ्या गटाने असे धरून चालले होते की जे इंग्रजांविरुद्ध, ते सगळे एकमेकांच्या बाजूचे, म्हणून शिंदे आणि होळकर तेव्हा एकत्र आले होते. वास्तविक 1803 मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत असताना होळकर बाजूला राहिले आणि 1804 मध्ये ते स्वतंत्रपणे युद्धात उतरले. मराठी सत्तेचा ऱ्हास समजून घेताना हा गैरसमज सर्वांत घातक ठरतो, आणि तो मला एकटीला बसून सुचला नसता.

या तीन गटांतून प्रश्न उभा राहिला तो असा.

हडपसरच्या लढाईत होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. वसईच्या तहाने इंग्रजांनी बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्याचे मान्य केले. तरीही दौलतराव शिंद्यांनी हा तह का नाकारला?

अ) फौजेच्या खर्चासाठी पेशव्यांनी शिंद्यांच्या ताब्यातील मुलूख इंग्रजांना तोडून दिला होता.
ब) इंग्रजांनी होळकरांना शांत करण्यासाठी पुण्याच्या कारभारात वाटा दिला होता.
क) पेशव्यांचे इतर सत्तांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीवर गेल्याने पुण्यातील शिंद्यांचे वजन संपणार होते.
ड) शिंदे व होळकर एकत्र आल्याने होळकरांना पुण्यातून हटवणे शिंद्यांना नको होते.

यात सन एकही नाही, पण घटनांचा क्रम ज्याच्या डोक्यात नाही त्याला हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट गैरसमजाचे नाव आहे, त्यामुळे निकाल पाहून उद्याच्या तासाला काय पुन्हा शिकवायचे ते ठरवता येते. ‘पेशवेपद रद्द झाले’ हा पर्यायही मुलांच्या कागदांत होता, कारण 1818 ची घटना त्यांच्या मनात मागे सरकली होती. तो मी घेतला नाही, कारण बाजीराव गादीवर बसणार असे प्रश्नातच म्हटले आहे, आणि नुसते नीट वाचणारा मुलगा इतिहास न वाचताही तो पर्याय खोडून टाकील. ‘तहापूर्वी शिंद्यांचा सल्ला घेतला नव्हता’ हेही काहींनी लिहिले होते. तो पर्याय चुकीच्या यादीत घालता येत नाही, कारण ते नाराजीचे खरे कारण आहे. चुकीचा पर्याय पुराव्याने चुकीचा असावा लागतो, बरोबर उत्तरापेक्षा थोडा कमी बरोबर असून चालत नाही. इतिहासात जे वाद होतात आणि उत्तरसूची मागे घ्यावी लागते, ते बहुतेक याच ठिकाणी.

मराठीत आणखी एक फट राहते, तिकडे प्रश्न काढणाऱ्यांचे फार दुर्लक्ष होते. रिकाम्या जागेच्या प्रश्नात लिंगवचनच उत्तर सांगून टाकते. ‘वसईच्या तहाने पेशव्यांना आपले ____ गमवावे लागले’ असे लिहून पुढे गादी, राजधानी, दौलत आणि स्वातंत्र्य असे पर्याय दिले, तर ‘आपले’ या शब्दाशी फक्त ‘स्वातंत्र्य’ जुळते. म्हणून मी रिकामी जागा टाळते, प्रश्न प्रश्नचिन्हाने संपवते आणि पर्याय पूर्ण वाक्यांत लिहिते. त्या वाक्यांची लांबीही सारखी ठेवावी लागते, कारण आपण बरोबर उत्तर जपून, अटी घालून लिहितो, तेच सर्वांत लांब होते आणि हुशार मुले ते मोजमापानेच ओळखतात. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय चौथे वाक्य न सुचल्याची खूण आहे, तो मी वापरत नाही.

प्रश्न चांगला निघाला की नाही हे मताने ठरू नये, आणि त्या बैठकीत मला हेच म्हणायचे होते. समजा 60 मुलांनी पूर्ण चाचणी दिली. एकूण गुणांनुसार वरची 16 आणि खालची 16 मुले वेगळी काढा, म्हणजे साधारण 27 टक्के. वरच्यांपैकी 12 जणांनी आणि खालच्यांपैकी 5 जणांनी हा प्रश्न बरोबर सोडवला, तर फरक 7, आणि 7 भागिले 16 म्हणजे सुमारे 0.44. ही त्या प्रश्नाची भेदनक्षमता, आणि 0.3 च्या वर ती असली की प्रश्न जाणणाऱ्याला न जाणणाऱ्यापासून वेगळा करतो असे सर्वसाधारणपणे मानतात. मग प्रत्येक चुकीच्या पर्यायाकडे किती मुले गेली ते पाहा. ज्याच्याकडे जवळपास कोणीच गेले नाही तो पर्याय जागा अडवतो, तो बदलावा. जो पर्याय खालच्या गटापेक्षा वरच्या गटाने जास्त निवडला तो धोक्याचा आहे, तिथे एक तर तो पर्यायही काही अर्थाने बरोबर असतो किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी असते. छोट्या वर्गात एकदोन मुलांच्या खुणांनी हा आकडा बराच हलतो, त्यामुळे एकाच वर्गाच्या निकालावरून प्रश्न बाद करू नये.

सन विचारूच नयेत असे मात्र माझे म्हणणे नाही. त्या गृहस्थांचा कण्याचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त कणा म्हणजे क्रम, सुटा आकडा नव्हे. नाना फडणवीसांचा मृत्यू, हडपसरची लढाई, वसईचा तह आणि सुर्जी-अंजनगावचा तह या चार घटना उलटसुलट देऊन कालक्रम लावायला सांगा. पुण्याच्या दरबाराला सावरणारा मुत्सद्दी गेल्यावर होळकर-शिंद्यांचे वैर आटोक्याबाहेर गेले, त्यातून लढाई झाली, लढाईमुळे बाजीराव वसईला गेला आणि तहाच्या नकारातून युद्ध व पुढचा तह आला, हे ज्याला कळले त्याला एकही सन न आठवता क्रम लागतो. ज्याने सनावळी पाठ केली त्यालाही लागतो, आणि त्याच्यावर अन्याय होत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. माझा वरचा प्रश्न योग्य कारण ओळखता येते की नाही एवढेच तपासतो, ते कारण मुलाला स्वतः मांडता येते का हे तपासत नाही. त्यासाठी चाचणीतल्या एखाद्या बहुपर्यायी प्रश्नाखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि ‘ड हा पर्याय का चुकीचा आहे?’ असे विचारून त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत. तपासायला वेळ लागतो, म्हणून सगळ्या प्रश्नांना हे जमणार नाही, पण त्या ओळींतून पुढच्या वर्षीच्या प्रश्नांचे पर्याय आयते मिळतात.