वेफर्सच्या पाकिटावर बॅच नंबर का हवाच

वहिनी, केळी वेफर्स नेहमी विकायचे ठरवलंच आहे, तर आधी foscos.fssai.gov.in या सरकारी साइटवर खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणी करून घ्या. घरून विकणाऱ्यालाही ती लागते. मिळणारा १४ अंकी नंबर प्रत्येक पाकिटावर छापायचा.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात: केळी, तेल, मीठ, हळद. हिरवी खूण, निव्वळ वजन, किंमत, पत्ता, तारखा बहुतेक जणी लिहितात. राहतो तो बॅच नंबर, आणि माझाही तोच राहिला होता. सावद्याच्या एका दुकानदाराने वेफर्स खवट निघाल्याचं सांगितलं. कोणत्या दिवसाचा माल ते कळेना, म्हणून चांगली पाकिटंही परत आणावी लागली.

आता १२ मेचा पहिला घाणा म्हणजे १२०५-१. साध्या वहीत एकाच ओळीत नंबर, तेल ताजं की आधी वापरलेलं, किती पाकिटं झाली आणि कोणाला दिली हे लिहिते. पुढच्या तक्रारीला वही उघडली, तर तो घाणा जुन्या तेलात नवं तेल घालून तळलेला निघाला. नऊच पाकिटं परत आली. तेल काळपट झालं, त्याला फेस आला किंवा ते लवकर धुरायला लागलं की बदलाच.

प्रत्येक घाण्याची दोन पाकिटं घरी ठेवा. पंधरा दिवसांनी एक आणि महिन्याने दुसरं फोडून वास घ्या, चव बघा. जेवढे दिवस असं तपासलं, त्याहून जास्त मुदत लेबलवर टाकू नका. आणि वेफर्स पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट सील करू नका, आत वाफ धरते.