'काल रात्री' की 'आदल्या दिवशी रात्री'? शाब्दिक उदाहरणातला घसरणारा वार

प्रश्न: मुलीच्या आठवीच्या गणितात होतं, इंदूरला सोमवारी सकाळचे ७ वाजलेत, न्यूयॉर्क साडेदहा तास मागे आहे, तर तिथे किती वाजले असतील? तिनं लिहिलं 'काल रात्री ८:३०'. मॅडमनी अर्धा मार्क कापला. मी म्हटलं 'आदल्या दिवशी' लिही, तर म्हणते, आई, अगला दिन कसा होईल? नक्की शब्द कोणता?

उत्तर: आकडा मुलीचा अगदी बरोबर आहे, कापलेला अर्धा मार्क 'काल'चा आहे आणि तो कापणं मला तरी पटलं.

'काल' हा शब्द बोलणाऱ्याच्या 'आज'ला बांधलेला असतो. तुम्ही आज बोलताय म्हणून काल, तुम्ही उद्या तेच वाक्य वाचलंत की काल सरकला. उदाहरणात कुणी बोलतच नाहीये, फक्त एक सोमवार दिलाय, मग कुणाचा काल? मुलीनं समजा बुधवारी सोडवलं आणि मॅडमनी गुरुवारी तपासलं तर त्या 'काल'चा अर्थ एकदा मंगळवार आणि एकदा बुधवार, रविवार कुठेच नाही. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो आपल्याकडे सोमवारची सकाळ असताना फोन करून म्हणतो 'मामा, आमच्याकडे अजून कालच चालू आहे', ते चालतं, कारण फोनवर दोघांना माहीत असतं की तो माझ्या आजवरून बोलतोय. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र तो आज रविवार आणि काल शनिवार असंच म्हणणार. म्हणजे एकाच फोनवर 'काल'चे दोन वार निघतात, आणि गणिताला तेच नको असतं.

'आदला दिवस' हा बोलणाऱ्याला नाही, तर सांगितलेल्या दिवसाला बांधलेला असतो. सोमवार दिलाय ना, मग त्याचा आदला रविवार, वही कुणी कधीही उघडो. म्हणून तुम्ही सुचवलेला शब्द बरोबरच होता.

आता मुलीचा 'अगला दिन'. हे वाचून मी खूप हसलो कारण आमच्या घरात हे होऊन गेलंय. इंदूरची मुलं शाळेत, गल्लीत, क्रिकेटमध्ये सगळीकडे हिंदी बोलतात आणि मराठी फक्त घरात आजीशी, त्यामुळे 'आदल्या' कानावर पडला की डोक्यात 'अगले' उमटतो, आणि दोघांची दिशा नेमकी उलटी! हिंदीतला अगला दिन म्हणजे आपला दुसरा दिवस, आणि आपला आदला म्हणजे त्यांचा पिछला. आवाज जवळ, अर्थात दोन दिवसांचं अंतर. तिला सांगा, 'आधी'चा भाऊ 'आदला', जो आधी येतो तो. नाहीतर सरळ 'मागचा दिवस' आणि 'पुढचा दिवस' म्हणा, तिथे हिंदीचा धक्का लागत नाही. आणि हो, हिंदीला फार नावं ठेवायला नकोत, त्यांचा 'कल' दोन्हीकडे चालतो हे खरं पण आपला 'परवा' काय करतो? परवा गेलो होतो, परवा जाणार आहे. क्रियापद झाकलं तर आपल्यालाही कळत नाही.

ही चूक नुसती भाषेची पण नाही बरं का. मुलं तास बरोबर काढतात आणि वार विसरतात, कारण वजाबाकी करताना वार कुठे बदलला ते त्यांना दिसलेलंच नसतं. मी घरी असं शिकवतो: वार हा तासाच्या डावीकडचा रकाना समज, जसं एककाच्या डावीकडे दशक. फरक इतकाच की इथला उसना १० चा नसून २४ चा. सोमवार ७:०० मधून १०:३० वजा करायचेत, ७ मधून १० जात नाहीत, मग सोमवारकडून एक दिवस उसना घ्यायचा, सोमवारचा रविवार झाला आणि ७ चे झाले ३१. आता ३१:०० वजा १०:३० बरोबर २०:३०. उत्तर रविवार रात्री ८:३०. वार वेगळा आठवावा लागला नाही, उसना घेतला त्याच क्षणी तो बदलला. उसना घेतला आणि वार तसाच ठेवला तर जशी ५२ वजा ७ ला ५५ उत्तर येतं तशी ही चूक आहे, असं म्हटलं की मुलांना चटकन कळतं.

तारीख दिली असेल तर उसना महिन्यापर्यंत जातो. शुक्रवार १ मार्च २०२४, इंदूरला सकाळी ७. उसना घेतला तर तारीख काय? २८ लिहिलंत तर चुकलं, २०२४ लीप वर्ष होतं, म्हणून गुरुवार २९ फेब्रुवारी, रात्री ८:३०. पेपर काढणाऱ्याला मुलांना घसरवायचं असेल तर तो १ मार्च आणि १ जानेवारी याच तारखा घेतो, दुसऱ्यात तर वर्षही बदलतं.

अजून एक, साडेदहा तास हा फरक न्यूयॉर्कचा हिवाळ्यातला आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात, मधल्या काळात फरक साडेनऊचा असतो. आपण घड्याळाला हात लावत नाही. उदाहरणात फरक दिलेला असला की प्रश्नच नाही, पण नुसतं 'न्यूयॉर्क' म्हटलं आणि महिना दिला नाही तर उदाहरणच अर्धवट आहे, मुलीचा दोष नाही.

उत्तर पडताळायची माझी सोपी युक्ती अशी की आधी त्यांच्या रात्री १२ ला आपल्याकडे किती वाजतात तेवढं एकदा काढून ठेवायचं. हिवाळ्यात ते सकाळी १०:३०. म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाच्या आधीची कुठलीही वेळ दिली तर न्यूयॉर्कला आदला वार, साडेदहापासून पुढे दोन्हीकडे एकच वार. उदाहरणात ७ आहे, साडेदहाच्या आत, म्हणजे वार मागे गेलाच पाहिजे. वजाबाकी न करता वार कळतो.

आता खरी गंमत पुढच्या वाराची, इथे आपली मराठीच आडवी येते. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इंदूरला शनिवारी रात्री ९:४५ तर तिथे? २१:४५ अधिक ३:३० बरोबर २५:१५, २४ काढले, हातचा एक वाराला दिला, रविवार ०१:१५. घड्याळाप्रमाणे रविवार सव्वा. पण मूल लिहितं 'शनिवारी रात्री १:१५' आणि घरातली सगळी मोठी माणसं माना डोलावतात, कारण आपण तसंच बोलतो! मी सांगितलं की शनिवारी रात्री दीड वाजता सराफ्यात गराडू खाल्ले, तर तुम्ही कुणीही असं समजणार नाही की मी शुक्रवार-शनिवारच्या मधल्या दीडला गेलो होतो. शनिवारचा दिवस संपून जी रात्र लागली तीच. तारीख तेव्हा रविवारची असते, पण बोलण्यातला वार झोपून उठेपर्यंत बदलत नाही.

हा नुसता आळस नाहीये. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. रविवारी मध्यरात्रीनंतर अडीचला जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर रविवारची तारीख येते आणि पत्रिकेत गुरुजी शनिवार लिहितात, दोघंही आपापल्या जागी बरोबर. तारीख मध्यरात्री बदलते, आपला वार उजाडल्यावर. गणिताच्या पुस्तकातला वार मात्र तारखेच्या बाजूचा आहे, पंचांगाच्या नाही, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

याचा फटका आम्हाला एकदा चांगला बसलाय. तिकिटावर रविवारची तारीख आणि वेळ ००:२०, आम्ही शहाणे रविवारी रात्री साडेअकराला डबे-पिशव्या घेऊन स्टेशनवर, आणि गाडी कधीच गेलेली, तेवीस तासांपूर्वी. आईनं पुऱ्या केल्या होत्या त्या परत घरी येऊन खाल्ल्या. चूक आमचीच, आमच्या डोक्यात 'रविवारची रात्र' होती आणि तिकिटावर 'रविवारची सुरुवात'.

आपल्या इथल्या हिंदी पेपरांना ही अडचण नीट माहीत आहे. चोरीची बातमी असली की 'शनिवार-रविवार की दरमियानी रात' लिहितात, दोन्ही वार टाकले, भांडण मिटलं. मराठीत 'शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री' किंवा 'शनिवारी मध्यरात्रीनंतर' म्हणतात. बोलायला दोन्ही छान, पण गणिताच्या उत्तरात मी ते लिहू देणार नाही, तिथे 'रविवारी रात्री १:१५' पण नको कारण ते रविवार संपल्यानंतरचं वाटतं. 'रविवार, मध्यरात्रीनंतर १:१५' लिहावं किंवा सरळ ०१:१५. 'पहाटे १:१५' लिहिणारे पण भेटतात, चूक म्हणणार नाही पण माझ्या कानाला सव्वा वाजताची पहाट सहन होत नाही, पहाट म्हणजे चारच्या पुढे.

मग मुलीच्या वहीत काय? 'रविवारी रात्री ८:३०'. 'आदल्या दिवशी रात्री ८:३०' पण बरोबर, पण वाराचं नाव माहीत असताना आडून कशाला सांगायचं. वार दिलेला नसेल, नुसतं 'सकाळी ७' असेल, तेव्हा 'आदल्या दिवशी'शिवाय पर्याय नाही, आणि तिथे ते लिहिलंच पाहिजे, नुसतं 'रात्री ८:३०' लिहिलं तर वाचणारा त्याच दिवशीची रात्र धरेल.

फक्त बरोब्बर १२ चं उदाहरण आलं तर सांभाळा. तेच न्यूयॉर्क, इंदूरला सोमवारी सकाळी १०:३०, उत्तर ००:००. 'रविवारी रात्री १२' लिहायचं की 'सोमवारी रात्री १२'? पहिलं बोलण्यात बरोबर, दुसरं घड्याळात बरोबर आणि बोलण्यात एक दिवस चुकीचं. मी मुलांना 'सोमवार ००:००' लिहायला लावतो आणि तोंडी विचारलं तर म्हणायला सांगतो, 'तिथे नुकताच सोमवार लागलाय'.