विक्रेत्याने 'स्टॉकमधील चुकीमुळे' ऑर्डर रद्द केली, तर पैसे नेमके कुठे असतात?

प्रश्न: "सोमवारी कार्डने पूर्ण पैसे भरून हेडफोन मागवले. ऑर्डर मिळाल्याचा ईमेलही आला. बुधवारी विक्रेत्याने स्टॉकमधील चुकीमुळे ऑर्डर रद्द केल्याचे कळवले. पैसे अजून खात्यात आलेले नाहीत. ते कधी येतील? आणि त्याच किमतीला वस्तू द्या, असा आग्रह धरता येईल का?"

उत्तर:

पैसे पूर्ण परत मिळायला हवेत आणि बहुतेक वेळा ते मिळतातही. किती दिवसांत मिळतील, हे मात्र विक्रेत्याने तुमची रक्कम केवळ अडवून ठेवली होती की प्रत्यक्षात वसूल केली होती, यावर अवलंबून असते. म्हणून सर्वांत आधी तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये सोमवारची नोंद उघडून पाहा.

कार्डने पैसे भरताना सहसा दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बँक तेवढी रक्कम तुमच्या नावावर राखून ठेवते. ती तुम्हाला वापरता येत नाही, पण विक्रेत्याकडेही गेलेली नसते. ॲपमध्ये अशा नोंदीपुढे 'Pending' किंवा तशा अर्थाचा शब्द दिसतो. दुसऱ्या टप्प्यात विक्रेता ती रक्कम वसूल करतो आणि नोंद पक्की होते. काही दुकाने दोन्ही टप्पे एकदमच उरकतात, तर काही वस्तू पाठवण्याच्या वेळेपर्यंत थांबतात.

मी काही वर्षे एका ऑनलाइन दुकानाच्या परताव्यांचे काम पाहत होतो. तिथला एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा फरक स्पष्ट होईल. संगणकावर एका वस्तूचे तीन नग शिल्लक दिसत होते आणि त्यांवर तीन ऑर्डरी आल्या. प्रत्यक्षात फळीवर एकच नग होता. एक नग ग्राहकाकडून परत आलेला होता आणि तपासणीआधीच मोजणीत धरला गेला होता; तो सदोष निघाला. दुसरा नग आम्ही जिथे विक्री करत होतो अशा दुसऱ्या संकेतस्थळावर काही मिनिटांपूर्वीच विकला गेला होता, परंतु दोन्हींकडील आकडे ठरावीक अंतरानेच जुळवले जात असल्याने आमच्याकडचा आकडा अजून उतरला नव्हता. एका ग्राहकाला वस्तू गेली आणि उरलेल्या दोघांच्या ऑर्डरी एकाच दुपारी रद्द झाल्या.

त्यातल्या पहिल्या ग्राहकाच्या ऑर्डरवर पार्सलची चिठ्ठी छापली गेली नव्हती, म्हणून रक्कम केवळ अडवलेली होती. आम्ही अडवणूक सोडून दिली आणि दोन दिवसांत त्याच्या खात्यातून ती नोंदच नाहीशी झाली. तरीही तो आठवडाभर परताव्याची विचारणा करत राहिला, कारण तो 'जमा' अशी नवी ओळ शोधत होता. वसुलीच झाली नसेल तर अशी ओळ कधीच येत नाही. फक्त वापरण्याजोगी शिल्लक पूर्ववत होते.

दुसऱ्याची चिठ्ठी छापून झाली होती, आणि आमच्याकडे चिठ्ठी निघताच वसुली होत असे. त्यामुळे त्याला वेगळा परतावा पाठवावा लागला. हा परतावा म्हणजे उलट दिशेने जाणारा एक नवा व्यवहार असतो. तो विक्रेत्याच्या बँकेकडून कार्डाच्या जाळ्यामार्गे तुमच्या बँकेकडे जातो आणि त्याला साधारणपणे पाच ते दहा कामाचे दिवस लागतात. त्या ग्राहकाचे पैसे नवव्या दिवशी जमा झाले. दुकान एकच, दिवसही एकच, तरी दोघांचा अनुभव इतका वेगळा.

तुमची नोंद अजून 'Pending' असेल तर विक्रेत्याला "अडवलेली रक्कम सोडली का?" एवढेच विचारा. त्याने ती सोडली नसली तरी ठरावीक मुदतीनंतर ती आपोआप सुटते. ही मुदत पुष्कळदा आठवडाभराची असते, काही बँकांत त्याहून अधिक. नोंद पक्की झालेली असेल तर परतावा कोणत्या तारखेला पाठवला हे विचारा आणि त्याचा एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक कार्डाच्या परताव्याला मिळतो आणि त्याच्या आधारे तुमची बँक रक्कम कुठे आहे याचा माग काढू शकते. परतावा पाठवल्यानंतर हा क्रमांक तयार व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात; पण आठवडा उलटूनही विक्रेता तो देऊ शकत नसेल, तर परतावा अजून पाठवलाच नसावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. क्रेडिट कार्ड असेल आणि मधल्या काळात बिल निघाले, तर ते मुदतीत भरा. येणाऱ्या परताव्याच्या भरवशावर देय रक्कम थकवली तर व्याज लागू शकते.

आता आग्रहाबद्दल. पुष्कळ विक्रेत्यांच्या अटींत असे लिहिलेले असते की ऑर्डर मिळाल्याचा ईमेल ही केवळ पोच आहे आणि करार वस्तू रवाना झाल्यावरच होतो. तुमच्या ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत असे वाक्य आहे का, ते वाचा. ते असेल तर त्याच किमतीला वस्तू मिळवण्याचा दावा दुबळा ठरतो. ते नसेल आणि ऑर्डर स्वीकारल्याचे स्पष्ट शब्द असतील तर तुमची बाजू भक्कम होते, तरीही नसलेली वस्तू कोणी देऊ शकत नाही. फार तर दुसरीकडे घेताना द्यावा लागलेला किमतीतला फरक मागता येतो. तो मिळेल की नाही, हे तुमच्याकडील ग्राहक कायद्यावर ठरेल. माझा सल्ला असा, की वस्तू पुन्हा आल्यावर जुन्या किमतीला देण्याची लेखी विनंती करावी. चूक खरी असेल तर पुष्कळ विक्रेते ती मान्य करतात.

चूक खरी की बनावट, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. तीच वस्तू, त्याच विक्रेत्याकडे, दोन-चार दिवसांत वाढीव किमतीला पुन्हा दिसू लागली, तर तो स्टॉकचा घोळ नसून किमतीचा पश्चात्ताप असू शकतो. नवा माल येऊन किंमत बदलणेही शक्य असते, म्हणून लगेच आरोप करू नका. पण तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. "तुम्हीच ऑर्डर रद्द करा, म्हणजे पैसे लवकर मिळतील," असे विक्रेता सांगत असेल तर तसे करू नका. मोठ्या संकेतस्थळांवर विक्रेत्याने स्टॉकअभावी रद्द केलेल्या ऑर्डरी त्याच्या खात्यावर डाग म्हणून नोंदल्या जातात; ॲमेझॉनवर तर स्वतः माल पाठवणाऱ्या विक्रेत्याने असे प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली ठेवावे, अशी अपेक्षा असते. तो डाग टाळण्यासाठी ही विनंती केली जाते. रद्द करण्याचे कारण तुमच्या नावावर पडले की पुढे तक्रार करताना तुम्हालाच खुलासा करत बसावे लागते. पैशांऐवजी दुकानाची क्रेडिट रक्कम देऊ केली तर ती घेणे तुमच्या मर्जीवर आहे. एकदा स्वीकारली की रोख परताव्याची मागणी करणे अवघड जाते.

खरेदीत कूपन वापरले असेल तर ते पुन्हा चालू करून द्यायला सांगा, कारण एकदाच चालणारे कूपन 'वापरले' म्हणून बाद झालेले असते. गिफ्ट कार्डाने भरलेला भाग सहसा त्याच कार्डावर परत येतो. रिकामे झाले म्हणून ते फेकून दिले असेल तर शोधून काढा.

बँकेकडे वाद दाखल करण्याची घाई करू नका. परतावा वाटेत असताना वाद दाखल केला तर कधी दोन्हीकडून रक्कम जमा होते आणि मग एक परत काढून घेतली जाते, हिशेबाचा गुंता होतो तो वेगळाच. रद्द केल्याच्या ईमेलपासून साधारण पंधरा दिवस थांबा. त्यानंतरही पैसे नसतील आणि एआरएनही मिळाला नसेल, तर रद्द केल्याचा ईमेल आणि पक्क्या नोंदीची प्रत जोडून बँकेला कळवा. कारण म्हणून 'वस्तू आवडली नाही' असे काही न लिहिता 'विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली, परतावा मिळाला नाही' एवढेच लिहा. वाद दाखल करण्याची मुदत बँकेकडून विचारून घ्या, आणि विक्रेत्याच्या "आणखी एक आठवडा" या उत्तरांवर ती संपू देऊ नका.